सहा लाख आज की वर्षअखेरीस सहा लाख छत्तीस हजार? मुलुंडच्या एका सोसायटीतील भाड्याचा हिशेब

पार्श्वभूमी

मुलुंड पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर ही इमारत होती. चार मजले, २८ घरे, लिफ्ट नाही, आणि पावसाळ्याआधी दरवर्षी गच्चीवर नवी ताडपत्री. पुनर्विकासाचा ठराव झाला, बिल्डर ठरला, वाढीव चटईक्षेत्र आणि कॉर्पस यांवर सहमती झाली. विकसन करारनाम्याचा मसुदा जवळजवळ तयार असताना सोसायटीने मला आकडे तपासायला बोलावले. मी हिशेबनीस माणूस. कायद्याची बाजू त्यांचे वकील पाहत होते. सोसायटी ओळखू येऊ नये म्हणून रकमा गोल केल्या आहेत आणि सालही दिलेले नाही. घडले ते मात्र असेच.

मुद्दा होता ट्रान्झिट रेंटचा, म्हणजे नवी इमारत होईपर्यंत सभासदांनी बाहेर राहायचे त्या भाड्याचा. बांधकामाला ३६ महिने धरले होते. बिल्डरने दोन पर्याय ठेवले आणि सोसायटीने सभा घेऊन एक निवडावा असे सांगितले. पहिल्या पर्यायात प्रत्येक घराला दर वर्षाच्या सुरुवातीला ६,००,००० रुपये, असे तीन धनादेश. दुसऱ्यात दर वर्षाच्या शेवटी ६,३६,००० रुपये, तेही तीनच धनादेश.

दुसऱ्या पर्यायात घरटी एक लाख आठ हजार जास्त मिळत होते. २८ घरांचे मिळून तीस लाख चोवीस हजार. समितीतल्या बहुतेकांचे मत सभेआधीच झाले होते. "साहेब, बिल्डर स्वतःहून जास्त देतोय, तर नाही का म्हणायचं?" असे सेक्रेटरींनी मला फोनवरच विचारले.

प्रश्न नेमका कुठे होता

सेक्रेटरी गृहस्थ काळजीपूर्वक काम करणारे. त्यांनी फक्त बेरीज करून सोडले नव्हते. आज मिळणारा पैसा आणि उद्या मिळणारा पैसा यांची किंमत सारखी नसते हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी एक्सेलमध्ये दोन्ही पर्यायांची आजची किंमत काढली होती. बँकेच्या मुदतठेवीचा दर त्यांनी ७ टक्के धरला. त्यांच्या शीटमध्ये ही दोन सूत्रे होती:

```
=PV(7%,3,-600000)    → 15,74,590
=PV(7%,3,-636000)    → 16,69,065
```

म्हणजे दुसरा पर्याय ९४,४७५ रुपयांनी सरस. व्याज धरूनसुद्धा दुसराच जिंकतो म्हटल्यावर समितीचा विश्वास पक्का झाला.

गडबड वरच्या ओळीत आहे. या सूत्राला शेवटी आणखी एक आकडा देता येतो: हप्ता मुदतीच्या शेवटी येत असेल तर ०, सुरुवातीला येत असेल तर १. तो आकडा लिहिलाच नाही, तर एक्सेल ० धरतो. त्यामुळे पहिल्या पर्यायाचे सहा-सहा लाखसुद्धा वर्षाच्या शेवटी येणार असे समजून त्याने हिशेब केला. सेक्रेटरींनी नकळत "वर्षअखेरीस सहा लाख" आणि "वर्षअखेरीस सहा लाख छत्तीस हजार" यांची तुलना केली होती. तिचे उत्तर काढायला एक्सेलची गरजच नव्हती.

अशी चूक सूत्राकडे बघून लवकर दिसत नाही. मी त्यांना एवढेच म्हटले की तीन धनादेश तीन वेगळ्या ओळींत मांडा आणि प्रत्येकाची आजची किंमत शेजारी लिहा. त्यांनी मांडले. पहिल्या धनादेशापुढे, जो घराची किल्ली देताना हातात पडणार होता, त्यांच्याच पद्धतीने ५,६०,७४८ आले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आज हातात आलेले सहा लाख आजच साडेपाच-पावणेसहा लाखांचे कसे होतील?" नाहीच होत. पहिल्या धनादेशाला कसलीच कपात लागत नाही. तो पूर्ण सहा लाखांचाच.

दुरुस्त केलेली ओळ अशी. शेवटचा १ म्हणजे हप्ता सुरुवातीला, आणि त्याच्या आधीचा ० म्हणजे मुदतीअखेर वेगळी रक्कम काही नाही:

```
=PV(7%,3,-600000,0,1)    → 16,84,811
```

आता पहिला पर्याय १६,८४,८११ आणि दुसरा १६,६९,०६५. निकाल उलटला. फरक १५,७४६ रुपयांचा, फार मोठा नाही, पण बाजू बदलली.

सुरुवातीचा हप्ता जास्त मोलाचा का

सभेत हे समजावून सांगायचे होते. नियमित अंतराने येणाऱ्या सारख्या रकमांना हिशेबाच्या भाषेत अ‍ॅन्युइटी म्हणतात. हप्ता प्रत्येक मुदतीच्या शेवटी येत असेल तर ती ऑर्डिनरी अ‍ॅन्युइटी, सुरुवातीला येत असेल तर अ‍ॅन्युइटी ड्यू. सभेत मी 'मागाहून' आणि 'आगाऊ' एवढेच शब्द वापरले. पुस्तकांत मागाहून मिळणाऱ्या प्रकारालाच अ‍ॅन्युइटी इमिजिएट असेही नाव आहे. 'इमिजिएट' म्हणजे लगेच असे समजून वाचणारा हमखास चुकतो, म्हणून ते नाव मी मुद्दाम टाळले.

फळ्यावर चार खुणा काढल्या: आज, एक वर्षाने, दोन वर्षांनी, तीन वर्षांनी. मागाहूनचे तीन धनादेश शेवटच्या तीन खुणांवर बसतात आणि आगाऊचे पहिल्या तीन खुणांवर. धनादेश तेवढेच आणि रक्कम तीच असेल, तर संपूर्ण रांग फक्त एक घर अलीकडे सरकते. प्रत्येक धनादेश बरोबर एक वर्ष आधी हातात येतो, म्हणून प्रत्येकावर बरोबर एका वर्षाचे व्याज जास्त मिळते. सहा लाखांवर ७ टक्क्यांनी ४२,००० रुपये. तिन्ही धनादेशांना तोच नियम लागू असल्यामुळे पूर्ण रांगेची किंमतही त्याच प्रमाणात वाढते. मागाहूनच्या सहा-सहा लाखांची किंमत १५,७४,५९० होती, तिला १.०७ ने गुणा, १६,८४,८११ येतात. बरोबर आगाऊची किंमत.

यातून तपासणीची एक सोपी रीत मिळते. रक्कम आणि दर तेच ठेवून फक्त 'शेवटी' चे 'सुरुवातीला' केले, तर उत्तर बरोबर एका मुदतीच्या व्याजाइतके वाढले पाहिजे. कमी नाही, जास्तही नाही. तसे झाले नाही तर शीट चुकले आहे असे समजावे.

आणि सभेत कुणाच्याच लक्षात न आलेली गोष्ट अशी, की हा गुणक किती हप्ते आहेत यावर अवलंबून नसतो. तीन वर्षे असोत की तीस, ७ टक्क्यांना तो १.०७ च राहतो. तो ठरतो दोन हप्त्यांमधल्या अंतरावर. वार्षिक हप्ता पुढे-मागे सरकला तर अख्ख्या वर्षाचे व्याज हलते. मासिक हप्ता सरकला तर एका महिन्याचे, म्हणजे ०.५८ टक्के. याचा उपयोग पुढे झाला.

कोणते पर्याय तोलले

सभा इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन बाकडी, आणि जिन्याच्या कठड्याला टेकवलेला फळा. मी १५,७४६ चा फरक सांगितल्यावर एका तरुण सभासदाने रास्त प्रश्न केला. एवढ्या फरकासाठी डोकेफोड कशाला? दर ७ ऐवजी ५ धरला तर दुसरा पर्याय पुढे जाईल ना?

जाईल, आणि नेमका कुठे पलटतो तेही लगेच सांगता येते. ६,३६,००० ला ६,००,००० ने भागले की १.०६ येतात. म्हणजे ६ टक्क्यांना दोन्ही पर्याय सारखे. ज्या सभासदाला हातातल्या पैशावर ६ टक्क्यांपेक्षा जास्त मिळतात, किंवा ज्याला उसने घ्यायला ६ टक्क्यांपेक्षा जास्त पडतात, त्याच्यासाठी आगाऊ चांगले. बाकीच्यांसाठी मागाहून.

पण याच भागाकाराकडे दुसऱ्या बाजूने पाहिले की सगळा व्यवहार वेगळा दिसतो. वर्षाच्या सुरुवातीला देय असलेले सहा लाख बिल्डर स्वतःकडे ठेवतो आणि वर्षअखेरीस छत्तीस हजार जोडून देतो. हे सभासदांनी बिल्डरला दिलेले एक वर्षाचे कर्ज आहे. दर ६ टक्के, तारण काही नाही. तीन वर्षांत असे तीनदा. बँकेत ठेवले तर ७ टक्के मिळतात, मग प्रकल्प अर्धवट सोडू शकणाऱ्या माणसाला ६ ने का द्यायचे?

बिल्डर स्वतःहून जास्त का देत होता, याचे उत्तरही इथेच आहे. बोलण्याच्या ओघात त्याने सांगितले होते की बाहेरून उचललेल्या पैशाला त्याला साधारण १५ टक्के पडतात. त्या दराने पाहिले तर आगाऊ पर्यायाची त्याच्यासाठीची किंमत घरटी १५,७५,४२५ होते आणि मागाहूनची १४,५२,१३१. म्हणजे दर घरामागे त्याचे सव्वा लाखाच्या आसपास वाचत होते, २८ घरांचे साडेचौतीस लाख. तीस लाख जास्त देऊन तो चौतीस लाख वाचवत होता, आणि यात फसवणूक काही नव्हती. त्याचा पैसा महाग, सभासदांचा स्वस्त, एवढाच फरक. फक्त या फरकातला सभासदांचा वाटा त्याने फार कमी ठेवला होता.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या. नवऱ्याच्या पेन्शनवर घर चालते, मुलगा नाशिकला. त्या म्हणाल्या, "अहो, मी गव्हाणपाड्यात घर बघितलंय. तो घरमालक पाच तारखेच्या आत भाडं मागतो, वर डिपॉझिट, वर दलाली. त्याला मी सांगू का, वर्ष झालं की देते म्हणून?"

माझ्या कुठल्याही आकड्यापेक्षा हे जास्त भिडले. मागाहूनच्या पर्यायात पहिला रुपया हातात येईपर्यंत बारा महिन्यांचे भाडे पदरचे भरायचे होते. ज्याच्याकडे सहा लाख बाजूला आहेत त्याच्यासाठी ७ टक्क्यांचा हिशेब ठीक. ज्याला पतपेढीकडून १२ टक्क्यांनी उचलावे लागतील त्याच्यासाठी दोन पर्यायांतला फरक १५,७४६ राहत नाही, ८६,४६६ होतो. आणि ज्याला कुणी कर्ज देणारच नाही, त्याच्यासाठी तुलना करण्यासारखा पर्यायच उरत नाही. २८ घरांत एकच दर धरून काढलेले उत्तर कुणा एकाचेच असते, हे मी सभेआधी पुरेसे लक्षात घेतले नव्हते.

समितीतून तिसरा पर्यायही पुढे आला: दर महिन्याच्या सुरुवातीला ५१,५०० रुपये. बिल्डर त्याला लगेच तयार झाला. ७ टक्क्यांनी त्याची आजची किंमत १६ लाख ७८ हजारांच्या आसपास येते, म्हणजे वार्षिक आगाऊच्या जरा खाली. हेच मासिक हप्ते महिन्याच्या शेवटी घेतले असते तर तीन वर्षांत जेमतेम पावणेदहा हजारांचा फरक पडला असता. वार्षिक हप्त्यात तोच बदल एक लाख दहा हजारांचा होता. हप्ता जितका लहान आणि जितका वारंवार, तितका सुरुवात-शेवटचा फरक विरत जातो. तरीही मी मासिकाच्या बाजूने नव्हतो. तीन धनादेश वटवून घेणे आणि छत्तीस धनादेशांचा पाठपुरावा करणे यांत सोसायटीचा जीव किती जातो, ते मी इतरत्र पाहिले होते.

काय केले

सभेने वार्षिक आगाऊ पर्याय निवडला. त्यानंतर खरे काम मसुद्यातल्या एका शब्दावर झाले: 'सुरुवात'.

मसुद्यात लिहिले होते की शेवटच्या सभासदाने घर रिकामे केल्यापासून पहिले वर्ष मोजले जाईल. बिल्डरच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते, कारण सगळी इमारत रिकामी झाल्याशिवाय ती पाडता येत नाही. पण २८ घरांत कुणीतरी रेंगाळतेच. एका घरात लग्न होते, एकाला पर्यायी घर मिळत नव्हते. शेवटचा सभासद दोन महिन्यांनी निघाला, तर आधी निघालेल्यांचा 'आगाऊ' हप्ता दोन महिने मागाहूनचा झाला. कागदावर आगाऊ, हातात उशिरा. सहा लाखांवर दोन महिन्यांचे व्याज सात हजार, आणि शिवाय घरमालकाला द्यायचे दोन महिन्यांचे एक लाख स्वतःच्या खिशातून.

आम्ही प्रत्येक घराची सुरुवात त्या घराच्या किल्लीशी बांधली. सभासद किल्ली देईल त्याच वेळी पहिला धनादेश, आणि त्याच टेबलावर एक वर्ष व दोन वर्षे पुढच्या तारखांचे उरलेले दोन. उशीर करणाऱ्यांचे काय, म्हणून बिल्डरने अट घातली की ठरलेल्या तारखेनंतर रिकाम्या होणाऱ्या घराचे वर्षसुद्धा त्याच ठरलेल्या तारखेपासून मोजायचे. ती सोसायटीने मान्य केली. मला ती न्याय्य वाटली.

किल्ल्या घेण्याचा दिवस मला स्पष्ट आठवतो. सेक्रेटरींच्या रिकाम्या हॉलमध्ये फक्त एक टेबल उरले होते. काकूंनी तिन्ही धनादेशांवरच्या तारखा एकापाठोपाठ वाचल्या, पहिला पर्समध्ये ठेवला आणि मगच किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

काय झाले

तिन्ही वर्षांचे धनादेश वटले. पहिल्या वर्षी बिल्डरच्या परवानग्या रखडल्या आणि काम चार महिने बंद होते. भाडे मागाहून असते तर त्या काळात सभासदांचे तोपर्यंतचे सगळे भाडे अडकलेले राहिले असते. तेव्हा त्यांच्या हातात उलट पुढच्या काही महिन्यांचे पैसे होते. आगाऊ हप्त्याची ही बाजू १.०७ च्या गुणाकारात दिसत नाही. तो गुणाकार पैसे नक्की येणार असे धरूनच चालतो.

इमारत मात्र ३६ महिन्यांत झाली नाही. सात महिने जास्त लागले, आणि तिथे आमची कसर उघडी पडली. वाढीव मुदतीसाठी करारात एवढेच होते: "विलंबाच्या काळासाठी दरमहा रुपये ५०,००० देण्यात येतील." महिन्याच्या सुरुवातीला की शेवटी, ते नव्हते. बिल्डरने महिना संपल्यावर द्यायला सुरुवात केली, आणि दोनदा तर पुढच्या महिन्याची वीस तारीख उजाडली. हिशेबाने पाहिले तर एक महिना उशिराने ५०,००० वर २९० रुपयांचे व्याज जाते, सात महिन्यांत दोन हजार. त्या आकड्यासाठी कुणी भांडणार नाही. पण काकूंच्या घरमालकाची पाच तारीख तशीच होती. पहिल्या महिन्याचे पन्नास हजार त्यांना मुलाकडून मागवावे लागले, आणि ते शेवटपर्यंत तसेच फिरत राहिले.

वेगळे काय करता आले असते

वाढीव मुदतीचे कलम मी वाचले होते आणि पुढे गेलो होतो. मासिक हप्त्यात सुरुवात-शेवटचा फरक किरकोळ असतो हे मीच सभेत दाखवले होते, आणि त्याच हिशेबाने माझे लक्ष तिथून उडाले. किमतीतला फरक किरकोळ असतो. रोख हातात नसण्याचा फरक तसा नसतो, आणि ते मी वेगळे तपासायला हवे होते. आता असा मसुदा आला की वाढीव काळाचे भाडे तीन-तीन महिन्यांचे आगाऊ, मूळ मुदत संपण्याच्या तारखेलाच, आणि उशीर झाल्यास महिन्याला ठरलेल्या दराने व्याज, असे मी लिहून घेतो. बिल्डर तीन महिन्यांना तयार नसेल तर निदान "प्रत्येक महिन्याच्या १ तारखेस" एवढे शब्द तरी.

दुसरी गोष्ट अजून माझ्या मनात पक्की झालेली नाही. बिल्डरचा पैसा १५ टक्क्यांचा होता आणि सभासदांचा ७ चा, म्हणजे वर्षअखेरीस ६,४२,००० आणि ६,९०,००० यांच्या मधली कुठलीही रक्कम, नुसत्या व्याजाच्या हिशेबाने, दोघांच्याही फायद्याची होती. ज्यांच्याकडे पैसे बाजूला आहेत अशा पाच-सहा सभासदांना, समजा, ६,६०,००० मागाहून घेण्याची मुभा देता आली असती. त्यांना १० टक्के सुटले असते. एक सभासद सभेनंतर मला हेच विचारत होते. मी तेव्हा नको म्हटले, कारण १० टक्के झाले तरी ते विनातारण कर्जच, तेही अशा माणसाला ज्याच्या हातात आधीच तुमचे घर आहे. घर आणि भाडे दोन्ही एकाच माणसाकडे अडकवायचे नाहीत, असे माझे मत आहे. पण त्या गृहस्थांना त्यांचा स्वतःचा हिशेब मांडून दाखवायला हवा होता, आणि बिल्डरकडून त्या रकमेपुरती बँक गॅरंटी मिळते का हे तरी विचारायला हवे होते. ते मी विचारले नाही.